तीनावरचा आठ

आबांच्या पत्रातला 'य' सगळीकडे ओळीपेक्षा थोडा खाली बसलेला आहे. पहिल्या ओळीतल्या 'यास' मध्येही आणि तिसऱ्या पानावर, सहीच्या जरा वरच्या 'यावे' मध्येही. दीड-दोन केसांइतकाच फरक, पण एकदा नजरेत भरला की मग पानभर तोच दिसत राहतो. मी हे पत्र संगणकावर उतरवायला घेतलं तेव्हा सगळ्यात आधी हा 'य' वहीत टिपून ठेवला. त्याच्याबद्दल पुढे काही करायचं नव्हतं म्हणूनच तो टिपणं गरजेचं होतं.

पत्र १९६६ सालचं आहे. आबा, म्हणजे माझे आजोबा, कळंब्यात राहायचे. दिवसा शहरात एका वकिलांकडे कारकुनी आणि संध्याकाळी घरी लोकांचे अर्ज टाइप करून देणं, असा त्यांचा दिवस असायचा. तेव्हाचं कळंबा म्हणजे शहराबाहेरचं गाव. तळं, तळ्याखालची उसाची रानं, गुऱ्हाळं आणि तुरुंगाची लांबलचक भिंत. कोल्हापूरच्या नळाला बरीच वर्षं याच तळ्याचं पाणी जायचं. त्या तळ्याखाली आमची थोडी जमीन होती. तिची वाटणी आणि आईचं आजारपण या दोन गोष्टी आबांनी मुंबईला नोकरीत असलेल्या धाकट्या भावाला, तात्यांना, मराठी मशीनवर टाइप करून कळवल्या. पत्र खासगी, पण कारकुनाची सवय अशी की खाली कार्बन घालून स्थळप्रत ठेवलीच. ती आमच्या ट्रंकेत राहिली. मूळ प्रत तात्यांच्या कागदांत निघाली आणि त्यांचा नातू, माझा चुलतभाऊ, डोंबिवलीहून घेऊन आला. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. एकाच पत्राच्या दोन्ही प्रती समोर असणं हे उतरवणाऱ्याचं मोठं भाग्य. ते का, हे पुढे येईलच.

टाइप केलेलं पत्र उतरवायला काय लागतं, असं कोणालाही वाटेल. मोडी नाही, गिचमिड अक्षर नाही, छापल्यासारखी ओळ आहे. पण हस्तलिखितात एक हात असतो आणि टंकलिखितात तिघं असतात. पहिलं मशीन, दुसरं बोट आणि तिसरं पेन. पानावर जे काही वेडंवाकडं दिसतं ते या तिघांपैकी कोणाचं, हे ठरवल्याशिवाय ते ठेवायचं की सोडायचं हे कळत नाही.

मशीनची खोड सगळ्यात आधी बाजूला काढावी, कारण ती सगळ्यात प्रामाणिक असते. दर वेळी तशीच येते. दोन कळा एकदम दाबल्या गेल्या की दांड्या एकमेकींत अडकतात, आणि त्या ओढून सोडवताना एखादी किंचित वाकते. ती वाकली की तिचं अक्षर आयुष्यभर तिरकं किंवा खालीवर उमटतं. आबांचा 'य' असाच असावा. शिफ्टचा अडसर झिजला की वरच्या खणातली सगळीच अक्षरं एकजात वर किंवा खाली बसतात. देवनागरीत हे इंग्रजीपेक्षा जास्त डोळ्यांत खुपतं, कारण प्रत्येक अक्षर आपल्यापुरता शिरोरेघेचा तुकडा घेऊन येतं. ते तुकडे जुळले तरच रेघ सलग दिसते, आणि एक अक्षर घसरलं की शब्दाची वरची रेघ पायऱ्यापायऱ्यांची होते.

त्याहून त्रास देतात ती भरलेली अक्षरं. रिबिनीची लव आणि शाई टायपाच्या खाचेत साचत जाते. टायपिंग क्लासमध्ये मुलांना टाचणीने आणि जुन्या टूथब्रशने टाइप साफ करायला लावत, ते याचसाठी. साफसफाई राहिली की 'ब' मधली तिरकी रेघ पोटातल्या काळ्यात बुडून जाते आणि 'ब' व 'व' सारखेच दिसू लागतात. 'ष' आणि 'प' यांचंही तेच. आबांच्या दुसऱ्या पानावर एक शब्द आहे, तो 'बाट' की 'वाट' हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. वाक्य बघून 'वाट' आहे हे कळतं, पण प्रत्येक वेळी वाक्य मदतीला येत नाही. अशा वेळी त्याच पानावरचा नक्की 'ब' आणि नक्की 'व' शोधून तिघं शेजारी ठेवून बघावे लागतात. 'ब' चं पोट बहुधा थोडं जास्त काळं निघतं, कारण तिथे शाई धरायला एक रेघ जादा असते.

तिसरी एक गोष्ट लाल रंगाची. रिबीन दोन रंगी, वर काळी आणि खाली लाल. रिबीन उचलणारा भाग ढिला झाला की काळ्या अक्षरांच्या पायाला लाल कड येते. पहिल्या पानाच्या खालच्या अर्ध्यात अशी कड आहे. दादाला वाटलं, आबांनी तेवढा मजकूर मुद्दाम ठळक केला. तसं काही नाही. मुद्दाम केलेला लाल शब्द पूर्ण लाल असतो, त्याला पायापुरती कड नसते. शिवाय ती कड एका शब्दाच्या मध्येच सुरू होते आणि एका शब्दाच्या मध्येच संपते. माणूस जोर देतो तो शब्दावर.

मशीनचं हे सगळं मी मजकुरात घेतलं नाही. वर एक टीप लिहिली: 'य' सर्वत्र खाली, 'ब' व 'व' भरलेले, पहिल्या पानावर लाल कड. तेवढं पुरे. प्रत्येक 'य' जवळ खूण करत बसलं तर वाचणाऱ्याला पत्र सोडून मशीनच दिसेल.

आता बोटाचं. इथे मराठी मशीन कसं चालतं हे थोडं सांगायला हवं, कारण चुका त्या चालण्यातूनच येतात. कळा चाळीस-पन्नास, आणि बाराखडी व जोडाक्षरं सगळी त्यातच बसवायची. म्हणून ख, घ, ण, थ, ध, भ, श यांच्यासारखी अक्षरं पूर्ण मिळत नाहीत. अर्धं अक्षर आधी मारायचं आणि मग काना मारून ते पुरं करायचं. म्हणजे 'भ' साठी दोन ठोके. 'भा' साठी तीन, त्यातले दोन एकाच काना-कळीवर. मात्रा, अनुस्वार, उकार यांच्या कळा दाबल्या तर कॅरेज हलत नाही, खूण मागच्या अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी उमटते. पण पहिली वेलांटी मात्र अक्षराच्या आधी मारायची, आणि ती स्वतःची जागा घेते.

एवढं माहीत असलं की पानावर पेन कुठे आलं आणि का आलं हे बरंचसं उलगडतं. अनुस्वार राहून गेला तर बॅकस्पेस मारून मागे जाता येतं आणि टिंब देता येतं, कारण त्याला जागा लागत नाही. पण पहिली वेलांटी विसरली तर संपलं. तिच्यासाठी दोन अक्षरांत जागा उरलेली नसते. म्हणून आबांच्या पत्रात हाताने घातलेल्या पहिल्या वेलांट्या बऱ्याच आहेत आणि हाताने दिलेले अनुस्वार जवळजवळ नाहीत. त्या वेलांट्यांना विचार बदलल्याचा पुरावा समजायचं कारण नाही. मशीनला जमलं नाही ते पेनने केलं, इतकंच.

'भार' या शब्दाची गोष्ट अशीच. दुसऱ्या पानावर वाक्य आहे: 'आईचा सगळा भार तुझ्यावर टाकावा असें माझ्या मनांत नाहीं.' टाइप झालेला शब्द 'भर' आहे. 'भ' आणि 'र' यांच्या फटीत निळ्या-काळ्या शाईने एक बारीक काना उभा केला आहे. वाक्य 'भर' नेही चालतं, म्हणून मी तिथे बराच वेळ थांबले. आबांनी आधी 'सगळा भर' म्हटलं आणि मग सौम्य वाटलं म्हणून 'भार' केलं का? पण ठोके मोजले की उत्तर मिळतं. 'भार' साठी काना-कळ लागोपाठ दोनदा मारावी लागते. घाईत दुसरा ठोका राहणं ही या मशीनवरची अगदी नेहमीची चूक. याच पत्रात 'शाळा' चं 'शळा' झालं आहे आणि तिथेही पेनने काना दिला आहे. 'शळा' असा शब्द तर कोणाच्या मनात येणार नाही. शिवाय कानाची दुरुस्ती दोन्ही प्रतींवर आहे, एकाच निबाने आणि एकाच शाईने. म्हणजे पत्र पाकिटात जाण्यापूर्वी आबांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचल्या होत्या. मी 'भार' लिहिलं आणि कंसात 'काना हाताने' अशी नोंद केली.

अनुस्वारांचं वेगळंच. 'मनांत', 'नाहीं', 'असें' ही जुनी वळणं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ सालचे, त्यांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. पण वकिलाच्या कारकुनाचा हात चार वर्षांत थोडाच बदलतो. आबा कुठे 'नाहीं' लिहितात, कुठे 'नाही'. त्यातले काही अनुस्वार तर पानावर दिसतच नाहीत. टिंबाचा टाइप म्हणजे टोकच. सगळा ठोका एका बिंदूवर पडतो, रिबीन फाटते आणि कागदाला भोक पडतं. पान उजेडासमोर धरलं की जिथे शाई नाही तिथे सुईच्या टोकाएवढा प्रकाश दिसतो. तो अनुस्वार आहे. मी असं प्रत्येक पान खिडकीच्या काचेला लावून बघितलं. ज्या 'नाही' वर भोकही नाही तो तसाच, अनुस्वाराशिवाय ठेवला. मोबाइलवर टाइप केलं असतं तर त्याने सगळे 'नाहीं' परस्पर आजच्यासारखे करून टाकले असते, म्हणून या कामाला शब्द सुचवणारा कळफलक बंदच ठेवावा लागतो.

खोडलेल्या मजकुराकडे येते. इंग्रजी मशीनवर खोडायला एक्स असतो. मराठीत प्रत्येक टायपिस्टचं अक्षर वेगळं. आबा 'म' मारायचे. टायपिंगच्या परीक्षेत अक्षरावर अक्षर मारलं की चूक धरली जायची, पण घरच्या पत्राला कोण तपासणार? दुसऱ्या पानाच्या मध्यावर 'म' ची अशी एक रांग आहे, आणि तिच्यापुढे 'ती तुझी आठवण काढते' हे साधं वाक्य.

त्या रांगेखाली काय आहे? देवनागरी इथे माणसाला साथ देते. 'म' शिरोरेघेच्या खाली आणि पायाच्या वर एवढंच झाकतो. मात्रा, वेलांटीची कमान, रफार वर उघडे राहतात आणि उकार खाली लोंबत राहतो. त्यातून आबांनी शब्दांमधल्या मोकळ्या जागांवर 'म' मारलेला नाही. मशीनवर प्रत्येक ठोक्याची जागा सारखीच, म्हणून प्रत्येक शब्द किती ठोक्यांचा ते सरळ मोजता येतं. ही रांग अशी निघाली: तीन, तीन, चार, दोन, पाच.

पहिल्या शब्दात पहिल्या 'म' च्या पायाशी ऱ्हस्व उकार आहे आणि तिसऱ्याच्या डोक्यावर दुसऱ्या वेलांटीची कमान. त, झ, आणि वेलांटीचा काना धरून तीन: 'तुझी'. दुसऱ्या शब्दावर वर-खाली काहीच नाही. चौथ्या शब्दात दोन जागा आणि शेवटी कमान: 'ती' किंवा 'मी' किंवा 'ही'. पत्रात आईबद्दल चाललंय, तेव्हा 'ती'. तिसऱ्यात चार जागा आणि तिसरीच्या पायाशी दीर्घ उकार. 'पाहून' बसतं: प, काना, ह, न. मग दुसरा शब्द 'वाट' असणार. व, काना, ट, तीन जागा. 'तुझी वाट पाहून ती' इथपर्यंत शंका फारशी उरत नाही.

शेवटचा शब्द पाच जागांचा, शेवटी कमान, बाकी कोरा. 'दमली' असेल असं प्रथम वाटतं. पण द, म, ल आणि वेलांटी मिळून चारच होतात. पाच हवे असतील तर एखादं अक्षर अर्धं अधिक काना असं दोन ठोक्यांचं पाहिजे. 'थकली' बसतं. 'खचली' ही बसतं. आणि या दोन शब्दांत आईच्या प्रकृतीचा केवढा फरक आहे!

अशा वेळी पान उलटं करावं. कडक ठोका कागदाच्या पाठीवर उठाव सोडतो. खोली अंधारी करून बॅटरी टेबलाला जवळजवळ टेकवून धरली, म्हणजे उजेड कागदावरून सरपटत जातो आणि प्रत्येक उठावाची सावली पडते. फोटो काढून उलटा केला की अक्षरं सुलट वाचता येतात. त्या पहिल्या जागेवर 'म' च्या उठावाबरोबर वरच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटा वळसा दिसतो. 'थ' चा वळसा तिथेच असतो. 'ख' असता तर खाली उतरत जाणारी शेपटी दिसली असती, ती दिसत नाही. माझा कल 'थकली' कडे आहे, पण शपथेवर सांगण्याइतका नाही. म्हणून उताऱ्यात असं घातलं: [खोडले: तुझी वाट पाहून ती थकली?]. ते प्रश्नचिन्ह फक्त शेवटच्या शब्दाला आहे, हे खाली टिपेत सांगितलं.

हे खोडलेलं वाचणं म्हणजे आबांच्या मनात डोकावणं, ते बरं नव्हे, असं आत्तीला वाटलं. आत्ती म्हणजे आबांची मुलगी. तेव्हा ती चौथी-पाचवीत होती. ''त्यांनी खोडलंय न्हवं? मग ऱ्हाऊ दे की तसंच,'' ती म्हणाली. मला तिचं म्हणणं पटतं आणि पटतही नाही. पत्र गुपित ठेवायचं असतं तर आबांनी तो कागदच ओढून काढला असता आणि नवा घातला असता. पान निम्मंच झालं होतं. त्यांनी ते वाक्य मागे घेतलं, पण मागे घेतल्याचं तात्यांना दिसू दिलं. उतरवणाऱ्याने तेवढंच दाखवावं. म्हणून वाचायच्या प्रतीत मी फक्त 'येथे पाच शब्द खोडलेले' असं लिहिलं आणि शब्द अभ्यासाच्या प्रतीत ठेवले.

पेनाच्या खुणा वेगळ्या करणं हे तिसरं काम, आणि दोन्ही प्रती असल्याचं मोल इथे कळतं. मशीनने केलेली खाडाखोड दोन्ही कागदांवर एकदमच उमटते. पेनची उमटत नाही. ती प्रत्येक प्रतीवर वेगळी करावी लागते, म्हणून ती दोन्हीकडे सारखीच असेल असं नाही. पहिल्या पानावर 'डॉक्टरांनी' आणि 'गोळ्या' यांच्यामध्ये मोकळी जागा सोडली आहे. मराठी मशीनवर इंग्रजी अक्षरं नाहीत, तेव्हा औषधाचं नाव मागाहून हाताने भरायचं अशी ती पद्धत. मूळ प्रतीत नाव इंग्रजीत भरलंय, आणि जागा कमी पडल्यामुळे शेवटची अक्षरं 'गोळ्या' वर चढली आहेत. स्थळप्रतीत ती जागा रिकामीच. शिवाय नावाची शाई कानाच्या शाईपेक्षा फिकट आहे. म्हणजे ते वेगळ्या वेळी, कदाचित चिठ्ठी सापडल्यावर, पाकीट बंद करण्याआधी भरलं गेलं असावं. आमच्याकडे नुसती ट्रंकेतली प्रत असती तर पणजीला कोणतं औषध चालू होतं हे कधीच कळलं नसतं.

आता तो आकडा. तिसऱ्या पानावर: 'तळ्याखालचे १८ गुंठे तुझे.' इथे ८ च्या खाली ३ आहे. दोन्ही प्रतींत आहे, म्हणजे ते मशीनवरच, टाइप करतानाच झालं. ३ ची खालची शेपटी ८ च्या पोटातून बाहेर डोकावते.

आधी काय आणि नंतर काय, हे नुसत्या शाईवरून ठरवणं अवघड असतं. पण वरून मारणारा जोरात मारतो, कारण त्याला खालचं झाकायचं असतं. पाठीवरचा ८ चा उठाव खोल आहे, ३ चा शेजारच्या १ इतकाच. पुढच्याच ओळीत आबांनी 'राहिलेले अठरा माझेकडे' असं अक्षरी लिहिलं आहे, आणि पत्राच्या सुरुवातीला एकूण जमीन ३६ गुंठे सांगितली आहे. तेव्हा शेवटचा आकडा अठरा, यात शंका नाही.

पण पहिला तीन आला कुठून? बोट घसरलं असं म्हणावं तर ते शेजारच्या कळीवर घसरतं. '८' चुकून '७' किंवा '९' होईल. आकड्यांच्या ओळीत ३ आणि ८ यांच्यामध्ये चार कळा आहेत, आणि दहा बोटांनी टाइप करणाऱ्याचे ते हातही वेगळे. डाव्या हाताचं काम उजव्याने केलं असं इथे होत नाही. तो तीन बोटाचा नाही, डोक्यातून आलेला आहे. आता डोक्यातून म्हणजे काय, याला निदान दोन उत्तरं आहेत. एक, आबांच्या मनात आधी तात्यांना तेरा गुंठे द्यायचे होते आणि लिहितालिहिता त्यांनी बरोबरीची वाटणी केली. दोन, समोर दुसरा कुठला तरी कागद होता, त्यावरचा तेरा नजरेत आला आणि तो हातातून उतरला. अर्ज टाइप करणाऱ्याला हे रोज होतं. पत्रात यातलं एकही पक्कं करणारं काही नाही, आणि जे नाही ते मी घालणार नाही.

मला वाटतं, साध्या घरगुती पत्राची 'स्वच्छ प्रत' काढणारा इथे बिनदिक्कत १८ लिहून पुढे गेला असता. आकडा बरोबर, बेरीज बरोबर. मग मूळ प्रतीतली एक खूण मात्र निरर्थक झाली असती. त्या आकड्याखाली बॉलपेनची रेघ आहे आणि समासात एक प्रश्नचिन्ह. बॉलपेनची खूण ओळखायला सोपी; निबाची शाई कागदात थोडी फाकते, बॉलपेनची फाकत नाही आणि कागदावर चर पडतो. आबांची सही निबाची आहे. स्थळप्रतीवर ना रेघ ना प्रश्नचिन्ह. म्हणजे ही खूण कळंब्यात झालेली नाही, मुंबईत झाली आहे. ती वाचणाऱ्याची आहे, तात्यांची.

आकडा नुसता १८ असता तर तात्यांनी कशाला प्रश्न केला असता? त्यांनी ८ च्या पोटातला ३ पाहिला होता. ''तात्या त्या सालापास्नं दिवाळीला यायचे कमी झाले,'' असं आत्ती सांगते, आणि ते त्यांच्या नोकरीतल्या बदलीमुळे असंही तीच सांगते. त्या प्रश्नचिन्हाचा आणि दिवाळीचा धागा जोडायचा मोह कोणालाही होईल. मी तो जोडलेला नाही. पण प्रश्न पडला होता, कोणाला पडला होता आणि कशामुळे पडला होता, एवढं मात्र कागदावर आहे, आणि ते उताऱ्यात आलं नाही तर तो उतारा खोटा ठरतो. म्हणून मी असं लिहिलं:

तळ्याखालचे १८ [३ वर ८ मारलेला] गुंठे तुझे. [खाली रेघ व समासात '?', बॉलपेन, दुसरा हात, फक्त मूळ प्रतीत]

संगणकाला हे शब्दांतच सांगावं लागतं. एकाच जागी दोन अक्षरं मारणं हे त्याला ठाऊक नाही. पहिल्या पानावर आबांनी वेलांटी मारून पुढचं अक्षर मारलंच नाही, विचार बदलून ओळ सोडली. ती एकटी वेलांटी टाइप केली तर संगणक तिच्या शेजारी ठिपक्यांचं वर्तुळ काढून दाखवतो, अक्षर कुठाय म्हणून. तिथेही कंसात लिहिलं, 'वेलांटी सुटी, पुढे कोरे'.

उताऱ्याची छापील प्रत मी दादाला वाचायला दिली. तो बँकेत आहे, आकड्यांवर त्याची नजर आधी जाते. तिसरं पान उघडून तो म्हणाला, ''म्हणजे आधी तेरा होतं होय?'' मी मूळ कागद त्याच्यासमोर ठेवला आणि बॅटरी दिली. त्याने पाठीवरून उजेड फिरवून बघितलं, मग पुन्हा उताऱ्यातला कंस वाचला.

''सातबारावर अठराच हाय,'' तो म्हणाला. ''आमच्या नावचे. मी बघितलाय.''

''म्हणजे झालं तसंच, जसं लिहिलंय.''

''झालं. पण तात्यांनी उत्तर काय धाडलं असंल?''

उत्तर आमच्या ट्रंकेत नाही. आबांनी स्वतःच्या पत्राची प्रत ठेवली आणि आलेली पत्रं कुठे ठेवली कोण जाणे. तात्या हाताने लिहायचे, त्यामुळे त्याला स्थळप्रत नसणारच. असलाच तर कच्चा खर्डा त्यांच्या कागदांत असेल. दादा पुढच्या खेपेला डोंबिवलीच्या माळ्यावरचं दुसरं गाठोडं काढणार आहे. त्याला मी सांगून ठेवलंय: घड्या इस्त्रीने काढायच्या नाहीत, पिना ओढायच्या नाहीत, कशावरही नवी रेघ मारायची नाही, आणि प्रत्येक पानाचा पाठीकडूनही फोटो घ्यायचा, दिवा बाजूला खाली धरून.